त्र्याऐंशी टक्क्यांचा हिशेब

ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात एक बस दाखवण्यात आली. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआरच्या प्रयोगशाळा यांनी मिळून ती तयार केली होती. तिच्यात डिझेल नव्हते. टाकीत हायड्रोजन होता, हवेतून ऑक्सिजन घ्यायचा होता, आणि धुराड्याच्या जागी फक्त पाणी आणि वाफ. त्याआधी २०२० मध्ये याच मंडळींनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एक मोटार चालवून पाहिली होती. तिच्यातल्या इंधनघटांच्या चळतीची ताकद होती १० किलोवॅट आणि ती चालायची साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला, म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षाही कमी तापमानाला.

अशा घटाची कार्यक्षमता किती, हा प्रश्न विचारला की उत्तरे चक्रावून टाकतात. रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ८३ टक्के लिहिलेले असते. दुसऱ्या एखाद्या पुस्तकात ९४.५. कंपनीच्या माहितीपत्रकात ५५ ते ६० टक्क्यांच्या आसपासचा आकडा असतो, आणि प्रयोगशाळेत कोणी प्रत्यक्ष मोजमाप करून हिशेब मांडला तर ४७ सुद्धा निघतो. गंमत म्हणजे यातला एकही आकडा खोटा नाही. प्रत्येकाने भागाकार करताना वर आणि खाली काय ठेवले, एवढाच फरक. तो भागाकार नीट मांडला तर इंधनघटाचे बरेचसे वागणे उलगडते.

आधी खालचा आकडा, म्हणजे छेद. हायड्रोजन ऑक्सिजनमध्ये जाळला आणि तयार झालेले पाणी २५ अंशांपर्यंत गार होऊ दिले, तर एका मोलमागे २८५.८ किलोजूल उष्णता बाहेर पडते. या बदलाला रसायनशास्त्रात एन्थाल्पीतला बदल म्हणतात आणि ΔH असे लिहितात. मोल आणि किलोजूल रोजच्या बोलण्यातले नाहीत, म्हणून वीजबिलाच्या भाषेत बोलू. एक किलो हायड्रोजन जाळल्यावर ३९.४ युनिट ऊर्जा उष्णतेच्या रूपात मिळते. एवढी ऊर्जा त्या किलोभर वायूत आहे. त्यातली वीज म्हणून किती काढता येईल?

शेगडीत जाळले तर शून्य, सगळी उष्णताच. इंधनघटात जाळणे नसतेच. हायड्रोजन एका बाजूने येतो, प्लॅटिनमच्या बारीक कणांवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. मधल्या पातळ पटलातून फक्त प्रोटॉन पलीकडे जाऊ शकतात. इलेक्ट्रॉनांना ती वाट बंद असते, म्हणून ते बाहेरच्या तारेने वळसा घालून जातात आणि जाता जाता मोटर फिरवतात. पलीकडे ऑक्सिजनपाशी दोघे पुन्हा भेटतात आणि पाणी होते. म्हणजे तीच अभिक्रिया, पण हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची थेट गाठ पडू न देता घडवलेली.

एवढी सोय करूनही ३९.४ युनिट पूर्ण हाती येत नाहीत. घट कितीही चांगला बनवा, पटल कितीही पातळ करा, उत्प्रेरक कोणताही आणा, तरी २५ अंशांवर एका किलोमागे ६.७ युनिट उष्णता म्हणून सोडावीच लागतात. हे नुकसान बनावटीतल्या दोषाचे नाही. ते येते कुठून?

एक मोल हायड्रोजन आणि अर्धा मोल ऑक्सिजन मिळून साध्या दाबाला सुमारे ३७ लिटर जागा व्यापतात. त्यांचे पाणी होते तेव्हा ते जेमतेम १८ मिलिलिटर भरते. ज्या रेणूंना ३७ लिटरांत मोकाट भटकता येत होते, ते दोन-चार चमचे पाण्यात एकमेकांना चिकटून बसले. त्यांच्या विखुरण्याच्या, वेगवेगळ्या तऱ्हांनी मांडले जाण्याच्या शक्यता कमालीच्या घटल्या. याच गोष्टीचे माप म्हणजे एन्ट्रॉपी, आणि ती इथे मोलमागे दर केल्व्हिनला १६३.३ जूलने कमी होते. उष्मागतिकीचा दुसरा नियम एका वस्तूची एन्ट्रॉपी कमी व्हायला हरकत घेत नाही. मात्र आजूबाजूच्या जगाची निदान तेवढी तरी वाढलीच पाहिजे, अशी त्याची अट आहे. ती वाढवण्याचा इथे एकच मार्ग आहे, भोवतालाला उष्णता देणे. किती द्यायची हेही ठरलेले आहे: २९८ केल्व्हिनच्या भोवतालाला १६३.३ चा भरणा करायचा तर २९८ गुणिले १६३.३, म्हणजे ४८.७ किलोजूल. किलोच्या हिशेबात तेच ६.७ युनिट.

उरलेल्या भागाला मुक्त ऊर्जा म्हणतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १८७० च्या दशकात हा विचार मांडला, म्हणून तिला गिब्ज मुक्त ऊर्जा म्हणतात. सूत्र अगदी छोटे आहे:

ΔG = ΔH − TΔS

हायड्रोजनसाठी ΔG येते उणे २३७.१ किलोजूल; किलोमागे ३२.७ युनिट. ३२.७ ला ३९.४ ने भागले की पाठ्यपुस्तकातले ते ८३ टक्के मिळतात. आदर्श घट, २५ अंश तापमान, शुद्ध वायू साध्या दाबाला आणि पाणी द्रवरूपात, एवढ्या साऱ्या अटी त्या आकड्यामागे उभ्या असतात. शिवाय आणखी एक अट असते, ती पुस्तके हळूच सांगतात: घटातून जवळजवळ शून्य प्रवाह घ्यायचा. म्हणजे ८३ टक्के मिळवणारा घट काही चालवतच नाही.

मग ९४.५ टक्के कुठून आले? घटातून बाहेर पडणारे पाणी वाफेच्या रूपात गेले तर ती वाफ बनवायला लागलेली उष्णताही तिच्याबरोबर जाते. किलोभर हायड्रोजनमागे हा वाटा सुमारे ६ युनिटांचा आहे. काही लोक म्हणतात, ही उष्णता कोणीच वापरत नाही, तर ती हिशेबात का धरायची? म्हणून ते ३९.४ ऐवजी ३३.३ युनिट धरतात. पहिल्याला उच्च उष्मांक म्हणतात, दुसऱ्याला निम्न. वाफेच्या हिशेबाने मुक्त ऊर्जा ३१.५ युनिट येते, आणि ३१.५ भागिले ३३.३ म्हणजे ९४.५ टक्के. घट तोच, फक्त मोजपट्टीची सुरुवात पुढे सरकवली. मोटारींच्या दुनियेत पेट्रोल-डिझेलची कार्यक्षमता जुन्या वहिवाटीने निम्न उष्मांकावरच मोजतात, त्यामुळे माहितीपत्रके निम्न उष्मांक वापरतात याला गैर म्हणता येत नाही. गैर तेव्हा होते, जेव्हा वरचा आकडा एका पद्धतीचा आणि खालचा दुसऱ्या पद्धतीचा घेतला जातो. द्रवरूप पाण्याची मुक्त ऊर्जा ३२.७ आणि निम्न उष्मांक ३३.३ हे दोन्ही आकडे योगायोगाने जवळजवळ सारखे आहेत. त्यांचा भागाकार केला की ९८ टक्के येतात आणि कोणी तरी ते छापूनही टाकते.

आता या विषयातली सर्वात सोयीची गोष्ट. हा सगळा हिशेब करायला उष्णतामापक लागत नाही. एक साधा व्होल्टमीटर पुरतो.

हायड्रोजनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन तारेत सोडतो, त्यात कमी-जास्त होत नाही. मग ऊर्जा किती मिळाली हे फक्त त्या इलेक्ट्रॉनांना किती व्होल्टने ढकलले यावर ठरते. मुक्त ऊर्जा पूर्णपणे वीज झाली तर एका घटावर १.२३ व्होल्ट दिसले पाहिजेत. संपूर्ण ΔH वीज होऊ शकली असती, तर १.४८ व्होल्ट दिसले असते. ते कधी दिसत नाहीत, पण छेदात ठेवायला तोच आकडा उपयोगी. म्हणून चालू घटाचे व्होल्टेज मोजायचे आणि १.४८ ने भागायचे, झाली उच्च उष्मांकावरची कार्यक्षमता. निम्न उष्मांकावरची हवी असेल तर १.२५ ने भागायचे. १.२३ ला १.४८ ने भागले की पुन्हा ८३ टक्केच येतात.

अपोलो यानांचे उदाहरण इथे पाहण्यासारखे आहे. चंद्राकडे निघालेल्या त्या यानांत तीन इंधनघट-संच होते. प्रत्येकात ३१ घट एकापुढे एक जोडलेले आणि मिळून साधारण २८ व्होल्ट. २८ भागिले ३१, म्हणजे एका घटाला ०.९ व्होल्ट. त्याला १.४८ ने भागा: ६१ टक्के. ते घट वेगळ्या जातीचे होते, त्यांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असे, तापमान २०० अंशांच्या आसपास आणि वायू शुद्ध. तयार झालेले पाणी अंतराळवीर पीत. हे ६१ टक्के कोणत्याही अहवालाशिवाय, दोन उघड आकड्यांवरून निघतात.

पुण्याच्या मोटारीतल्यासारखा पटलाचा घट हवेतला ऑक्सिजन घेतो आणि कामाच्या प्रवाहाला सहसा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या घरात असतो. ०.७ भागिले १.४८ म्हणजे ४७ टक्के. ०.७ भागिले १.२५ म्हणजे ५६ टक्के. सुरुवातीच्या चारही आकड्यांचा उगम आता सापडला.

पण १.२३ वरून ०.७ वर घसरण का? ६.७ युनिटांची कपात नियमाने घेतली, ती कोणालाच चुकवता येत नाही. पुढची कपात मात्र घटाची स्वतःची आहे आणि तिच्यावरच संशोधकांची आयुष्ये जातात. घटाला काहीही न जोडता व्होल्टमीटर लावला तरी सहसा एक व्होल्टच्या आतबाहेरच दिसतो. पाव व्होल्टच्या आसपास आधीच गायब. दोषी मुख्यतः ऑक्सिजनची बाजू आहे. हायड्रोजनचा रेणू प्लॅटिनमवर सहज फुटतो. ऑक्सिजनचा बंध मात्र चिवट, तो तुटायला आणि त्याला चार प्रोटॉन व चार इलेक्ट्रॉन येऊन मिळायला वेळ लागतो, आणि अभिक्रियेला वेगाने रेटायचे तर व्होल्टेज मोजून द्यावे लागते. त्यात थोडा हायड्रोजन पटलातून तसाच पाझरून पलीकडे जातो आणि तिथे परस्पर जळतो.

प्रवाह वाढवला की पटलाचा विरोध आपला वाटा घेतो. पटल ओलसर असेल तरच प्रोटॉन सरकतात. ते सुकले की विरोध वाढतो आणि व्होल्टेज पडते. उलट पाणी साचले तर ऑक्सिजनची वाटच बुजते. हे दोन्ही दोष व्होल्टमीटरवर सारखेच दिसतात, म्हणून चाचणी करणारे आणखी एक गोष्ट पाहतात. साचलेले पाणी वायूच्या एका जोरदार झोताने उडवले की बुडालेला घट लगेच सावरतो. सुकलेला घट तशा झोताने आणखी बिघडतो. आणि भार नसतानाचे व्होल्टेजच महिन्यामहिन्याने खाली येत असेल, तर पटलाला बारीक भोके पडल्याचा संशय घ्यायचा.

विल्यम ग्रोव्ह या वेल्समधल्या वकिलाने, जो पुढे न्यायाधीश झाला, १८४२ मध्ये आपली वायूंची बॅटरी मांडली तेव्हाच त्याच्या हे ध्यानात आले होते की वायू, द्रव आणि प्लॅटिनम तिघे जिथे एकत्र भेटतात तिथेच काम होते, आणि ती जागा फार थोडी असते. तेव्हापासून आजवर प्लॅटिनम बारीक करून ती जागा वाढवण्याचाच उद्योग चालू आहे.

आता १० किलोवॅटच्या चळतीचा एक तास पाहू. प्रत्येक घट ०.७ व्होल्टवर आहे असे धरू. किलोभर हायड्रोजनमधून अशा घटाला १८.६ युनिट वीज मिळते. म्हणजे तासाभरात १० युनिट द्यायला सुमारे ५४० ग्रॅम हायड्रोजन लागेल आणि ४.८ लिटर पाणी तयार होईल. त्या ५४० ग्रॅममध्ये एकूण २१.२ युनिट होते. १० वीज झाले, ११.२ उष्णता झाले. म्हणजे विजेपेक्षा उष्णताच जास्त. त्यातला साधारण एक तृतीयांश वाटा दुसऱ्या नियमाचा, बाकीचा घटातल्या अडथळ्यांचा. सगळे पाणी वाफ होऊन गेले तर त्यातले तीन-सव्वातीन युनिट वाफेबरोबर जातील. तरी आठ युनिट उरतातच.

हे आठ-अकरा युनिट फेकायचे कुठे, हा भारतातल्या अभियंत्याचा खरा डोकेदुखीचा प्रश्न आहे. डिझेल इंजिन याहून कितीतरी अधिक उष्णता वाया घालवते, पण तिचा मोठा भाग शेकडो अंश तापलेल्या धुरातून आपोआप निघून जातो. इंधनघटाचा ‘धूर’ सत्तर अंशांचा. त्याबरोबर फारसे काही जात नाही. जवळजवळ सगळा भार रेडिएटरवर. इंजिनाचे शीतक पाणी ९५ अंशांचे आणि बाहेर नागपूरचा ४५ अंशांचा मे महिना असेल, तर पन्नास अंशांचा फरक मिळतो. घटाचे पाणी ७० अंशांचे, फरक पंचवीस. तेवढीच उष्णता टाकायला रेडिएटर साधारण दुप्पट लागतो, पंखा जोरात फिरतो, आणि पंख्याची वीज त्याच दहा युनिटांतून जाते. हवा दाबून आत ढकलणारा कॉम्प्रेसरही तिथूनच खातो. म्हणून घटाची कार्यक्षमता ४७ असली तरी गाडीच्या चाकापर्यंतचा आकडा आणखी खाली येतो.

मग घट अधिक तापमानाला चालवला तर? रेडिएटरचा प्रश्न सुटेल, ऑक्सिजनची अभिक्रियाही वेग घेईल. पण सूत्रात TΔS आहे आणि T वाढला की ती सक्तीची कपातही वाढते. २५ अंशांना आदर्श व्होल्टेज १.२३, ७० अंशांना १.१९, हजार अंशांना, जिथे सिरॅमिकचे घट काम करू शकतात, ०.९२ च्या आसपास. इथे एक लोकप्रिय विधान तपासून घ्यायला हवे. इंधनघटाला कार्नोची मर्यादा लागू नाही, असे सर्रास सांगितले जाते. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवून दिले की उष्णतेवर चालणारे इंजिन गरम आणि थंड टोकांच्या तापमानाने बांधलेले असते. घट उष्णतेवर चालत नाही, म्हणून विधान शब्दशः बरोबर. पण बंधन सुटले असे नव्हे. इंजिनाची मर्यादा तापमान वाढवल्यावर सैल होते, हायड्रोजन घटाची आवळते. हजार अंशांना दोन्ही मर्यादांमधला घटाचा मोठेपणा संपलेला असतो. फक्त तिथली वाया जाणारी उष्णता इतकी तापलेली असते, की तिच्यावर टर्बाइन चालवता येते.

ही कपात प्रत्येक इंधनाला लागतेच असेही नाही. कोळशाचे अर्धवट ज्वलन करून कार्बन मोनॉक्साइड बनवणाऱ्या अभिक्रियेत वायू घटण्याऐवजी वाढतो, एन्ट्रॉपी वाढते, आणि ΔG भागिले ΔH १२४ टक्के येते. असा आदर्श घट भोवतालची उष्णता शोषून तिचीही वीज करील. शंभराच्या वर गेलेली ही टक्केवारी हेच दाखवते, की छेदात ΔH ठेवणे हा एक संकेत आहे. घटाची खरी परीक्षा करायची तर ०.७ ला १.२३ ने भागायला हवे. तो आकडा येतो ५७.

हा ५७ चा आकडा वाढवता येतो, आणि त्यासाठी नवा शोध लागत नाही. घटातून प्रवाह कमी घ्यायचा. प्रवाह अर्ध्याहून कमी केला की तोच घट ०.८ व्होल्टच्या घरात जातो, उच्च उष्मांकावर ५४ टक्के. इंजिनाच्या नेमके उलट वागणे: इंजिन हलक्या भाराला उधळे, घट काटकसरी. पण तेवढाच किलोवॅट हलक्या प्रवाहावर हवा असेल तर पटलाचे क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट लागते, आणि त्याबरोबर प्लॅटिनमही. टाकीतल्या हायड्रोजनची बचत करायची की चळतीच्या किमतीत, हा निर्णय बनवणाऱ्याचा असतो. आयुष्यभर रोज दिवसभर धावणाऱ्या बससाठी मोठी चळत परवडते, कारण हायड्रोजनचा खर्च रोजचा आहे. अधूनमधून निघणाऱ्या मोटारीसाठी तेच गणित उलटे फिरते. प्रवाह अगदीच कमी केला तर पटलातून पाझरणारा हायड्रोजन आणि कॉम्प्रेसरची भूक मिळून बचत खाऊन टाकतात, म्हणून अशा वाहनांत घटाच्या जोडीला एक बॅटरी ठेवतात: चढावर आणि वेग घेताना ती पुढे होते, आणि घट आपल्या सोयीच्या व्होल्टेजवर एकसारखा चालत राहतो.